हिने न बोललेलं शीर्षक

मालवणला बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. रांगेत माझ्या पुढे बरेच जण होते, म्हणून फोन उघडला. मुंबईला असणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘सर, वाचून रडलो.’ लिंकवर हिचा, माझ्या बायकोचा, फोटो. हिरव्या काठाच्या साडीतला, आमच्या पुतण्याच्या लग्नातला, शेजारी उभा असलेला मी कापून काढलेला. फोटोखाली मोठ्या अक्षरात शीर्षक: ‘मृत्युशय्येवर काकींनी मागितलं एकच, मुलांना पुस्तकं द्या!’

मी रांगेतून बाहेर आलो. दाखला न देताच घरी आलो. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का. बोललो असतो तर ओरडलो असतो.

हिला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. शेवटचे चार दिवस ती फारसं बोलली नाही. जे बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण ते लक्षात ठेवण्यावाचून मला दुसरं काम नव्हतं. खिडकी उघडा, म्हणाली. पाय दुखतात, म्हणाली. एकदा मला म्हणाली, ‘तुमी जेवलात?’ पुस्तकांचं नाव तिने काढलं नाही. बावीस वर्षं गावचं वाचनालय बिनपगारी चालवलेल्या बाईने मरताना पुस्तकांचं नाव काढलं नाही, यात मला काही कमी वाटत नाही. माणसाचे पाय दुखत असले की पायच दुखतात.

वाचनालय म्हणजे मसुऱ्यात देवळाच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. गेल्या पावसाळ्याआधीच्या वादळात त्यांची कौलं उडाली. पाणी आत आलं आणि लाकडी कपाटांतली पुस्तकं भिजली. आम्ही दोघांनी ती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पसरून वाळवली. ती तेव्हा आजारी होती, तरी बसल्या बसल्या पानं सुटी करत होती. ती गेल्यावर वाचनालयाच्या समितीने ठरवलं की छपरासाठी आणि लोखंडी कपाटांसाठी इंटरनेटवरून मदत मागायची. क्राउडफंडिंगची जी संकेतस्थळं असतात, त्यांतल्या एकावर पान उघडायचं. माझ्या भावाची मुलगी पुण्याला जाहिरातींच्या कंपनीत लिहिते, ती म्हणाली, मी करते सगळं, काका, तुम्ही फक्त मजकूर द्या.

मी मजकूर दिला. आठ दिवस घेऊन लिहिला. शीर्षकात वाचनालयाचं नोंदणीपत्रावरचं पूर्ण नाव घातलं आणि पुढे ‘या संस्थेच्या वास्तूच्या दुरुस्तीकरिता विनम्र आवाहन’. पुतणीने तेच टाकलं. मदत आली ती ज्यांना मी स्वतः लिंक पाठवली त्यांचीच. आपण होऊन पानावर कोणी आलं नाही. मग तिने मला न विचारता शीर्षक बदललं, सारांश बदलला, फोटो बदलला. समितीच्या चिटणिसांना विचारलं होतं. त्यांनी ‘झक्कास’ म्हणून अंगठा पाठवला होता.

मी फोन करून तिला म्हटलं, तू ये. फोनवर बोलण्यासारखं नाही.

ती शनिवारी आली. चिटणीसही आले. आमच्या शेजारवाडीचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, काजूचा कारखाना चालवतात. खळ्यात खुर्च्या टाकून बसलो.

‘ह्या वाक्य कोणी ऐकला?’ मी विचारलं.

पुतणी खाली बघत म्हणाली, ‘काका, ता तसाच लिवतत. भावना असता ती.’

‘कोणाची भावना?’

चिटणीस मध्ये पडले. ‘सर, तुमी मास्तर ते मास्तरच रवलात. पेपर तपासूक बसलात काय? लोक वाचतत, लोक देतत. वयनीचा नावच होता ना त्येच्यात.’

‘नाव होता म्हणानच बोलतंय.’ माझा आवाज चढला तेव्हा मलाच तो परका वाटला. ‘ती वर्गणी मागत दारोदार फिरली. तुमच्या कारखान्यात येवन तासभर उभी रवली, आठवता? तिका मागूक लाज नाय वाटली कधी. पण स्वताच्या तोंडान मागल्यान. मेल्यावर तिच्या तोंडात तुमी वाक्य घातलात.’

चिटणीस पुटपुटले, ‘तासभर नाय हां, अर्धो तास.’

मी फोनवर सारांश उघडून मोठ्याने वाचला. ‘मालवणच्या किनाऱ्यावरील गरीब कोळी मुलांची पुस्तकं वादळात वाहून गेली. या मुलांसाठी सुरू असलेलं एकमेव मोफत वाचनालय आज शेवटच्या घटका मोजत आहे.’ आणि एकेक वाक्य घेऊन विचारत गेलो. किनारा कुठे आहे? आमच्याकडे खाडी आहे, समुद्र बघायला आम्हीही गाडीने जातो. कोळी मुलं कोण? शाळेतली निम्मी मुलं भातशेतीवाल्यांची. मुलांची पुस्तकं वाहून गेली? मुलांची पुस्तकं आमच्या एकुलत्या एक लोखंडी कपाटात होती, त्यांना पाण्याचा थेंब लागला नाही. भिजली ती मासिकांची जुनी बांधीव वर्षं आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या. मोफत? बसून वाचायला पैसे नाहीत, घरी न्यायचं तर वर्षाची वर्गणी आहे. ती वर्गणी हीच गोळा करायची.

पुतणीचे डोळे भरले होते, पण ती रागावलीही होती. ती म्हणाली, ‘काका, माझा खोटा आसा, मान्य. पण तुमचा खरा कोणाक गावनाच नाय. तुमी लिवलात त्येच्यात मसुऱ्याचा नाव नाय, मालवणचा नाय, लायब्ररी ह्यो शब्द नाय. लोकांनी शोधूचा काय टाकून? विनम्र आवाहन?’

हे मला लागलं. अजून लागतं. मी उठून आत गेलो, पाणी प्यालो. माझं खरं आठ दिवस घासूनपुसून केलेलं होतं आणि ते कोणाच्याही नजरेला पडण्यासारखं नव्हतं. राग आता तिच्या एकटीवर धरता येईना, आणि त्यामुळे तो वाढलाच.

बाहेर आलो तर खळ्याच्या पायरीवर देवळात गाऱ्हाणं घालणारे आजोबा बसले होते. आमच्याकडे कोणाचं काही मागणं असलं की ते देवापुढे उभे राहून मोठ्याने सांगतात, आणि भोवतीचे लोक प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. ते पुस्तक परत द्यायला आले होते. वाचनालय बंद असल्यापासून पुस्तकं आमच्या घरातूनच जातात. त्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं.

‘वाच बघया, गो, काकान लिवलेला,’ ते पुतणीला म्हणाले. तिने माझं जुनं शीर्षक वाचलं. मग तिचं स्वतःचं.

आजोबा म्हणाले, ‘मी गाराणा घालतंय तेव्हा पयलो गाव सांगतंय. मगे वाडी. मगे कोण मागता तो. मगे काय झाला आणि काय व्हया ता. ह्या पयल्यात गावच नाय, आणि दुसऱ्यात मागणारो खोटो.’

‘देवाक गाव म्हायत नसता काय?’ चिटणीस म्हणाले.

‘देवाक म्हायत असता रे. आजूबाजूक उभे असतत त्येंका नको? त्येंका कळल्याशिवाय होय कशाक म्हणतले?’ आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘दुसरा जाड बघून दी. ह्या दोन दिवसात संपला.’

आम्ही त्याच क्रमाने लिहायला बसलो. पुतणीने सांगितलं, फोनवर शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसतात, पुढचं कापलं जातं. म्हणून गाव आणि काम सुरुवातीलाच हवं. आणि लोक शोधताना ‘वाचनालय’ क्वचित टाकतात, ‘लायब्ररी’ टाकतात. मला तो शब्द नको होता. मी अर्धा तास भांडलो. ती म्हणाली, ‘काकी काय म्हणायची? लायब्ररीत जातंय, असाच म्हणायची मा?’ म्हणायची. मी शब्द घातला. सारांशात ‘वाचनालय’ही ठेवला, दोन्हीकडून शोधणाऱ्याला सापडावं म्हणून.

शीर्षक झालं: ‘मसुरे, मालवण: गावच्या लायब्ररीला छप्पर आणि कपाटं हवीत’. सारांश: ‘मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या सार्वजनिक वाचनालयाची कौलं वादळात उडाली. मोठ्यांची बरीच पुस्तकं भिजली, मुलांची वाचली. नवं छप्पर आणि लोखंडी कपाटं झाली की वाचनालय पुन्हा उघडेल. इथे बसून वाचायला पैसे लागत नाहीत.’ फोटो कौलं गेलेल्या खोलीचा. हिचा फोटो काढून टाकला.

मग मी म्हटलं, आधी ज्यांनी दिलं त्यांना कळवायचं.

‘काय कळवायचा?’ चिटणिसांनी विचारलं.

‘ती असा काय बोलाक नाय म्हणान. आणि कोणाक परत व्हये असतीत तर परत देतलाव म्हणान.’

ते खुर्चीवरून उठलेच. ‘सर, डोक्यार परिणाम झालो तुमच्या. लोकांनी दिल्यानी ता दिल्यानी!’

‘तिच्या नावार दिल्यानी.’

पुतणीने माझ्याकडे बघितलं. मग चिटणिसांकडे न बघता फोन घेतला. पानावर मदत करणाऱ्यांना सूचना पाठवायची सोय असते. ‘आधीच्या शीर्षकातलं वाक्य काकींनी म्हटलेलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. क्षमस्व,’ असं तिने स्वतः लिहिलं आणि परतीचं वाक्य जोडून पाठवून दिलं. ‘मी’ हा शब्द तिने घातला, मी सांगितला नव्हता. चिटणीस चहा न घेता गेले.

तिघांनी परत मागितलं. एकाने लिहिलं, ‘मेलेल्या माणसाचा बाजार मांडलात.’ चिटणिसांनी ते मला छापून आणून दिलं, खळ्यात उभं राहून वाचून दाखवलं आणि विचारलं, आता बरं वाटलं? मी म्हटलं, त्याचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

नवं शीर्षक शोधलं की सापडतं. हे मी स्वतः तपासलं, आणि गावाचं नाव शोधून ओळखीची नसलेली माणसंही थोडी थोडी पानावर येऊ लागली आहेत. पण व्हॉट्सॲपवर आधी गेलेले निरोप तसेच राहिले. पानावर बदल केला तरी, ज्या गटांत लिंक पोचली होती तिथे हिचा फोटो आणि ते वाक्य जसंच्या तसं दिसतं. पुतणी म्हणाली, ते आपल्या हातात नाही.

गेल्या आठवड्यात तोच निरोप पुन्हा आला. देवगडच्या एका नातेवाइकाने पाठवलेला, खाली हात जोडल्याचं चित्र. मी उत्तर लिहिलं: ‘हे ती म्हणाली नव्हती. खरं पान हे,’ आणि नवा मजकूर चिकटवला. मागच्या महिन्यात असं किती जणांना लिहिलं ते मोजलेलं नाही. पुतणीने फोनवर विचारलं, ‘काका, किती जणांक लिवतलात?’

‘पाठवतले तितक्यांका,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.