गणित : पन्नास टक्के

मुख्याध्यापकांना द्यायची टिपणी एका पानाच्या वर जाऊ नये, असा आमच्या आश्रमशाळेत न लिहिलेला नियम आहे. सरांना वाचायचा कंटाळा नाही, पण शेरा मारायला त्यांना खाली मोकळी जागा लागते. नववीची वर्गशिक्षिका म्हणून ही टिपणी दर सत्राला मीच लिहिते. किती बसले, किती पास झाले, कोणता विषय कच्चा, त्यावर उपाय काय. संपलं. मला ते काम आवडायचं, हे आता सांगायला लाज वाटते. चाळीस पोरांचं सहा महिन्यांचं शिकणं दहा ओळींत बसवलं की आपल्याला काहीतरी कळलं असं वाटतं.

मी मूळची सांगलीकडची. मराठी शिकवते. एटापल्ली तालुक्यात बदली झाली तेव्हा भाऊ-वहिनींनी चार दिवस हळहळ केली आणि मग ते आपापल्या कामाला लागले. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं सामान कमी होतं आणि माझ्यासाठी कुणाला रजा टाकावी लागली नाही. शाळेच्या आवारातच शिक्षकांच्या चार खोल्या आहेत. त्यातल्या दोहोंत कुटुंबवाले राहतात, पाच वाजता दारं लावून आपल्या संसारात शिरतात. उरलेल्या दोन खोल्यांपैकी एकीत मी आणि भिंतीपलीकडे गणिताची बाई.

ती कुरखेड्याची, माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान. तासिका तत्त्वावर होती. म्हणजे कायम नाही. पहिल्या सत्रापुरती नेमणूक आणि दिवाळीनंतर ठेवायचं की नाही हे सरांच्या शिफारशीवर. गावी आई एकटी, दमेकरी. ही नोकरी गेली तर आसपास दुसरी शाळा नव्हती जिथं तिला कुणी घेईल. ती मला ताई म्हणायची. संध्याकाळी साडेपाचला माझ्या ओट्यावर चहा व्हायचा. पलीकडच्या रस्त्यावरून सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक लाल धूळ उडवत जायचे आणि आम्ही कपावर बशी झाकून बोलत बसायचो. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी कामाखेरीज बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. पोरं वर्गात हो बाई, नाही बाई करायची. त्यांचं खरं बोलणं माडिया या त्यांच्या बोलीतून चाले आणि मी जवळ गेले की थांबे.

त्या वर्षी प्रथम सत्राची परीक्षा हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान हाती यायच्या सुमारास आली. गणिताच्या, म्हणजे शेवटच्या, पेपरच्या आदल्या दिवशी एकाच गावची नऊ पोरं त्यांचे बाप येऊन घेऊन गेले. गावच्या गायत्यानं पंडुमाचा, म्हणजे नव्या धानाच्या सणाचा, दिवस धरला होता. पंडुम झाल्याशिवाय नवं धान तोंडाला लावायचं नाही आणि तो दिवस गायता, म्हणजे गावचा पुजारी, ठरवतो, शाळेचं वेळापत्रक नाही. फाटकाशी गणिताची बाई होती. तिनं अडवलं नाही.

त्या संध्याकाळी चहाला तिनं ते मला सांगितलं.

"मी जाऊ देलं, ताई. गावानं दिवस धरला त पोट्टे थांबत असतात का? आले का मी त्याहिची फेरपरीक्षा घेऊन घीन."

मी हूं म्हणाले. मांडीवर मराठीच्या उत्तरपत्रिका होत्या, हातात लाल पेन. तपासायला मी कडक आहे आणि त्याचा मला तोरा होता. कान तिच्याकडे आणि डोळे पेपरात, अशी माझी जुनी खोड. त्यातलं काहीच माझ्या डोक्यात राहिलं नाही.

आठवड्यानं सगळ्या विषयांचे गुण माझ्याकडे आले. लेखी पेपर ऐंशीचा, पास व्हायला अठ्ठावीस. संगणकावर गुणतक्ता भरताना गणिताच्या रकान्यात तिनं लिहून दिल्याप्रमाणे नऊ जणांपुढे 'गै' टाकलं, म्हणजे गैरहजर. तसं केल्याबरोबर त्या नऊ ओळींची बेरीज बिघडली. अक्षर आलं की आमचा तक्ता बेरीज करत नाही, चूक दाखवतो. मला सगळा तक्ता स्वच्छ हवा होता. मी 'गै' पुसून शून्य टाकलं. बेरजा आल्या, टक्के आले आणि माझं समाधान झालं. मग टिपणी लिहिली :

"इयत्ता नववी, प्रथम सत्र, लेखी परीक्षा. पट ४०. सर्व विषयांत उत्तीर्ण १७. वर्गाचा निकाल ४२.५ टक्के. विषयवार उत्तीर्ण : सामाजिक शास्त्र ३४, विज्ञान ३२, हिंदी ३०, इंग्रजी २७, मराठी २४, गणित २०. सर्वांत कच्चा विषय गणित (५० टक्के). उपाय : गणिताचा रोज एक जादा तास."

ती शेवटून दुसरी ओळ लिहिताना मला वाईट वाटलं होतं, हे खरं. पण आकडे आहेत ते आहेत, असं मी स्वतःला बजावलं. शिवाय मराठीही साठ टक्क्यांवरच होती आणि तिच्याखाली आणखी कुणीतरी आहे याचा मनात कुठंतरी बारीकसा आनंदही झाला. शुक्रवारी टिपणी सरांच्या टेबलावर ठेवली.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कपाटात लावत होते. कपाटात ठेवताना प्रत्येक गठ्ठ्यावर संख्या लिहायची असते. मराठी चाळीस. इंग्रजी चाळीस. गणित एकतीस. मी पुन्हा मोजले. एकतीस. आणि मग ओट्यावरचं ते सगळं बोलणं जसंच्या तसं कानात आलं.

हिशेब करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जे पेपरला बसलेच नाहीत त्यांना नापासांत धरत नाहीत. त्यांचा रकाना वेगळा. गणिताला बसलेले एकतीस, पास वीस, म्हणजे साडेचौसष्ट टक्के. इंग्रजी साडेसदुसष्ट. मराठी साठ. सर्वांत कच्चा विषय मराठी. माझा.

मी गठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि खोलीवर आले. सर ऑफिसात होते. ऑफिस पन्नास पावलांवर होतं. मी कायम नोकरीतली. मराठी तळाला गेली म्हणून माझ्या केसालाही धक्का लागणार नव्हता. तरी मी गेले नाही. सोमवारी जाऊ, असं म्हणाले. सतरा वर्षं मराठी शिकवून माझ्या वर्गातल्या सोळा पोरांना माझ्याच भाषेत अठ्ठावीस गुण मिळत नाहीत, हे सरांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत होईना. वर्गात मी तल्लीन होऊन शिकवायची आणि पोरं शांत बसायची, त्या शांततेला मी गोडी समजत होते. त्यांना माझं निम्मं कळतच नव्हतं. चार वर्षं मी त्या वर्गात बऱ्यापैकी एकटीच बोलत होते.

साडेपाचला ती आली, पण ओट्यावर बसली नाही. सरळ आत येऊन खाटेच्या कडेला टेकली. दुपारी सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. टिपणीतली 'सर्वांत कच्चा विषय गणित, ५० टक्के' एवढीच ओळ वाचून दाखवली होती. खाली लाल शाईत शेरा होता : गणितासाठी दिवाळीनंतर पर्यायी व्यवस्था पाहावी.

"मले समजूनच नाई राह्यलं ताई, माझं कुठी चुकलं," ती म्हणाली. "पोट्ट्याहिले येत होतं. मी सोता तपासले पेपर. येवढे कसे नापास झाले? आता आईले काय सांगू?"

आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. होईल काहीतरी, म्हणाले. मी बोलते सरांशी, म्हणाले. सगळं म्हणाले, एवढं एक सोडून. ते माझ्या अगदी ओठांवर होतं. पण ते आता सांगितलं तर दुपारीच का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं, आणि एका दुपारचा उशीर संध्याकाळपर्यंत फार मोठा होऊन बसला होता. जाताना तिनं माझा हात घट्ट धरला. तुमी हाव म्हणून इथी राह्यते मी, असं म्हणाली.

रविवार मी कसा काढला ते लिहिण्यासारखं नाही. भिंतीपलीकडे ती पेटी उघडत होती, कपड्यांच्या घड्या करून भरत होती, ते ऐकू येत होतं.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी मी सरांकडे नवी टिपणी घेऊन गेले. "पट ४०. गणितास प्रविष्ट ३१, गैरहजर ९, उत्तीर्ण २०, ६४.५ टक्के. सर्व विषयांस प्रविष्ट ३१, उत्तीर्ण १७, वर्गाचा निकाल ५४.८४ टक्के. सर्वांत कच्चा विषय मराठी, ६० टक्के. उपाय : मराठीचा रोज एक जादा तास, गैरहजर नऊ विद्यार्थ्यांची गणिताची फेरपरीक्षा. आधीच्या टिपणीत गैरहजरांना शून्य गुण धरल्याची चूक माझी." सरांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, मी त्या पोरीले नाही ते बोललो ना शनिवारी," ते म्हणाले. जुनी टिपणी फाडली आणि नवीवर सही केली. तिला बोलावून घेऊन सांगितलंही, की दिवाळीनंतर ये, नेमणूक आहे.

संध्याकाळी ती हसत आली. मला वाटलं असतं तर मी तिथंच गप्प बसू शकले असते. सरांनी तिला चूक सापडली एवढंच सांगितलं होतं, केव्हा सापडली ते नाही. पण त्या हसण्यासमोर मला बसवेना. मी सगळं सांगितलं. 'गै' पुसून शून्य टाकलं ते, गठ्ठ्यात एकतीस निघाले ते, मराठीचे साठ टक्के, सगळं.

तिनं हातातला कप ओट्यावर ठेवला.

"चूक त कोनाचीबी होते, ताई," ती म्हणाली. "गठ्ठा कवा मोजला तुमी?"

"शनिवारी दुपारी."

तिनं मान हलवली, जशी पोरानं फळ्यावर मांडलेलं गणित बरोबर असलं की हलवायची तशी. मग उठली, साडीवरची धूळ झटकली आणि पायरी उतरता उतरता, आवाज न चढवता म्हणाली,

"म्हनजे मी रडून राह्यली होती तवा तुमाले माहीत होतं."