सुनेचा आहार, सासूच्या तोंडून

एकसष्टाव्या वर्षी मी परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा आमचे हे एवढंच म्हणाले, "हॉल तिकिटावरचा फोटो जरा हसरा काढ." मॅट्रिकनंतर लग्न झालं, यांची नोकरी कारखान्यात म्हणून भोपाळला आलो आणि शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पुस्तकं मात्र मी हातात पडेल ते वाचत आले. मुलं बाहेरगावी गेली, तेव्हा म्हटलं आता घरबसल्या करायचा आहार आणि पोषणाचा कोर्स करू. सहा महिन्यांचा. स्वयंपाकात जन्म गेला आपला, त्यात काय अवघड असणार, असं मनात होतंच. कशाला खोटं सांगू?

अभ्यासकेंद्र शिवाजी नगरात, एका कॉलेजच्या तळमजल्यावर. रविवारी तिथे मॅडम शिकवायच्या. तिशीची पोरगी, बारीक अंगाची, एका इस्पितळात आहारतज्ज्ञ. मला आंटीजी म्हणायची. पहिलंच सत्रीय कार्य असं होतं: अंगावर पाजणाऱ्या एका आईने आदल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं ते विचारून लिहा, त्यातली कमतरता शोधा, उपाय सुचवा. सत्रीय कार्यात पास झालं नाही तर परीक्षा दिली तरी प्रमाणपत्र नाही, हा नियम.

आमच्या अयोध्या नगरात शेजारीच उज्जैनचं मराठी कुटुंब आहे. त्यांच्या सुनेचं बाळ सात महिन्यांचं. मी वही घेऊन गेले. शेजारीणबाईंनी पोहे केले, वर शेव, आणि आम्ही बैठकीत बसलो. दोन तास मस्त गप्पा झाल्या. सकाळी दूध, डिंकाचे दोन लाडू, दुपारी वरण-भात-भाजी-पोळी, कोशिंबीर, संध्याकाळी फळ. मी भराभरा उतरवून घेतलं. घरी येऊन त्यात माझी भर घातली: आळीव, खारीक, मेथी, आमच्या आजेसासूबाईंचे काढे. वीस पानं झाली. ह्यांनी वही हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, "वजनावर मार्क असले तर पहिली येशील."

तीन आठवड्यांनी केंद्रावर वही परत मिळाली. पहिल्याच पानापासून लाल. 'पौष्टिक' शब्दाखाली रेघ: किती? 'भरपूर'खाली रेघ: म्हणजे? काढ्यांची चार पानं आडव्या रेघेनं उडवलेली. शेवटी मॅडमनी हिंदीतच लिहिलं होतं, "यह आहार का अध्ययन नहीं है। जिसका आहार है, वह बीस पन्नों में एक बार भी नहीं बोली। अनुत्तीर्ण। महीने के अंत तक दोबारा लिखिए।"

अनुत्तीर्ण! माझ्या कानांतून वाफ निघाली. तिच्या वयापेक्षा जास्त वर्षं मी पोळ्या लाटतेय. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी भाषण तयार केलं, चांगलं हिंदीत, म्हणजे मधेच अडायला नको. म्हटलं, जाताना पुरावाही न्यावा. सून बोलली नाही म्हणतेस काय, हे बघ, या पानावर बोलली आहे.

पान उलटलं. नाही. पुढचं उलटलं. वीसच्या वीस पानं पाहिली. 'सासूबाई म्हणाल्या', 'सासूबाईंनी सांगितलं', 'घरात असं आहे'. सून एकदाच आली होती, पाचव्या पानावर: पोहे घेऊन.

मग भाषण काय करणार? डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसलं. आत जाऊन वही टेबलावर ठेवली.

मॅडम सावध होत्या. बहुतेक लोक भांडायला येत असणार. म्हणाल्या, "आंटीजी, बुरा लगा?"

"लगा," मी म्हटलं. "पर बात सही है। अब बताइए, पूछते कैसे हैं?"

त्या पोरीचा चेहराच बदलला. खुर्ची ओढून बसवलं मला. म्हणाल्या, तिला एकटीला भेटा. झोपेतून उठल्यापासून सुरू करा आणि फक्त 'मग?' विचारा. 'वरण खातेस ना?' असं विचारलं की माणूस हो म्हणतं. त्यांच्याच घरची वाटी-चमचा समोर ठेवा, म्हणजे माप नीट कळतं. चहा, उष्टं-पाष्टं, घासभर काही, सगळं लिहा. "और आंटीजी, बीच में नुस्खा मत बताइएगा।" हे शेवटचं मला फार कठीण गेलं, ते वेगळं.

आता शेजारीणबाईंना सांगायचं कसं? तोंडावर हसू ठेवून गेले आणि म्हटलं, "मला नापास केलंय हो. सुनेशी बोलले नाही म्हणून."

"म्हणजे? मी सांगितलं ते खोटं का?" त्या फुरंगटल्या.

"खोटं नाही हो वहिनी. चूक माझी. ताट कुणाचं आणि विचारलं कुणाला! बाळाला घ्या अर्धा तास, माझा कोर्स वाचवा."

त्या नातवाला घेऊन गच्चीवर गेल्या, पण जिन्यातून ओरडल्याच, "लाडवांचं लिहून घ्या!"

स्वयंपाकघरात सुनेसमोर वाटी ठेवली आणि विचारलं, "काल उठलीस. मग?"

"चहा, काकू. दोन टोस्ट."

"मग?"

"मग बाळ, अंघोळ, यांचा डबा... अकराला परत चहा." जेवण दुपारी तीनला. वरण तोवर पातेल्याच्या तळाशी. तिने वाटीत पाणी ओतून दाखवलं, अर्धीसुद्धा भरली नाही. दोन पोळ्या, लोणचं, जेवणावर लगेच चहा. आणि लाडू?

ती हसली. "काकू, ते बाळ तीन महिन्यांचं असतानाच संपले. बाळ बघायला कोण कोण आलं होतं! आईंना वाटतं डबा अजून भरलेला आहे."

कुणी तिला उपाशी ठेवत नव्हतं हो. सगळ्यांना वाटत होतं ती खातेय, आणि तिलाही विचारलं असतं तर ती 'हो' म्हणाली असती. माझ्या जिभेवर आळीव आला होता. गिळला. "मग?" म्हटलं.

दुसरी वही नऊ पानांची झाली. उपायात खारकाबिरका नाहीत. तिचं वरण पातेलं पहिल्यांदा उतरेल तेव्हाच झाकून बाजूला काढावं, वर लिंबू पिळावं, चहा लोह अंगी लागू देत नाही म्हणून तो जेवणानंतर तासभर थांबून घ्यावा, अकराच्या चहाबरोबर मूठभर शेंगदाणे. जे त्या घरात आहे तेच. लाडवांचं खरं शेजारीणबाईंना सुनेनंच सांगितलं. त्या डबा उघडून बघतच राहिल्या म्हणे, आणि संध्याकाळी डिंक आणायला निघाल्या.

महिनाअखेरीच्या रविवारी मॅडमनी माझ्यासमोरच वही वाचली. मी तोंड मिटून बसले; ह्यांनी पाहिलं असतं तर विश्वास बसला नसता. शेवटच्या पानावर 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली. मी सुस्कारा सोडला तोच त्यांनी मागे जाऊन पुन्हा लाल गोल केला. "रात का चावल, एक कटोरी। सपाट या ऊपर तक भरी?"

"लिखा नहीं," मी म्हटलं. "पूछके बताती हूँ।"

व्हरांड्यात येऊन फोन लावला. शेजारीणबाईंनी उचलला. मी प्रश्न पुरता विचारलाही नव्हता. "शिगोशीग! लिहा, शिगोशीग भरून!"

"वहिनी," मी म्हटलं, "फोन तिच्याकडे द्या."