मुखरूच्या वावराचा तिसरा हिस्सा

मुखरू वारल्यावर बायनाबाई त्याच्या शेताच्या वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेली, तर तिची सासू गिरजाबाई आधीच तिथं बसलेली. याच सुनेनं तिला दोन वर्षं गोठ्यात झोपवलं होतं आणि मरत्या लेकाचं तोंडही पाहू दिलं नव्हतं.

"वावर मुखरूनं स्वतः घेतलेलं, अन् मृत्युपत्र नाही," तलाठी म्हणाला. "म्हणजे बायको, मुलगा आणि आई, तिघांचा सारखा हिस्सा."

"बुढीचा काऊन?" बायनाबाई उसळली. "मी त वरोऱ्याचं गिऱ्हाईक पाहून ठेवलं. आत्याबाई, ते तुमच्यासमोरच म्हणले होते ना, वावर बायनाचं म्हणून?"

गिरजाबाईला तो दिवस चांगला आठवत होता. खोटं बोलायची गरजच नव्हती.

"म्हणला होता ना बाई. पण लिहून नाई ठेवलं त्यानं."

"मंग तुमचा हक्क सोडा."

"सोडला असता. त्याच्या खाटेजवळ मले घडीभर बसू द्यायचं होतं. आता पुरं वावर इकायचं असंल त माझ्या दारात ये अन् अंगठा माग. मी देनार नाई."

लेकाचा शब्द आपण मोडतोय, हे म्हातारीला कळत होतं. तरी तिनं वारसाच्या अर्जावर अंगठा जोरानं दाबला.