पुरवठ्याची रेघ उजवीकडं

‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे चार शब्द ज्यानं कुणी अर्थशास्त्रात घातले, त्याला एकदा आमच्या चिकलठाण्याच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवायला पाहिजे होतं. कायम म्हणे! त्या वर्षी आमच्या घरात कायम काय होतं ते मी आजही आठवून बघते. चुलीमागची काजळी सोडली तर काही सापडत नाही.

मी बारावीला होते. बाप मी लहान असतानाच गेलेला. आई जालना रोडवरच्या मजुरांच्या अड्ड्यावर सकाळी उभी राहायची आणि ठेकेदार नेईल त्या बांधकामावर बिगारी काम करायची. दिवसाच्या मजुरीला हजेरी म्हणायचे. शहर तेव्हा सुटल्यासारखं वाढत होतं. शेंद्र्याकडं कंपन्या येणार म्हणून जिकडं बघावं तिकडं स्लॅब पडत होते, आणि आईला रिकामा दिवस क्वचितच मिळायचा. तिनं मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, “हजेरी हाय अशी राहिली तर बारावी पुरी कर. माझा शब्द हाय. पडली, तर मात्र तुला माझ्यासंगं यावं लागंल. मग रडायचं नाय.”

म्हणजे माझी बारावी मजुरीच्या दराला टांगलेली होती. आणि मजुरीचा दर कसा ठरतो हे नेमकं त्याच वर्षी आम्हाला शिकायला होतं. याला काय म्हणावं?

अर्थशास्त्र शिकवायला मॅडम होत्या. छावणीतून स्कूटीवर यायच्या, कपाळावर आठ्या घेऊनच वर्गात शिरायच्या आणि पुस्तकातली उदाहरणं त्यांना बिलकूल आवडायची नाहीत. स्वतः कृतिपत्रिका तयार करून तिच्या झेरॉक्स वाटायच्या. पहिला प्रश्न टोमॅटोचा होता. पाऊस नाही, पीक बुडालं, समतोल किमतीवर परिणाम आकृतीने दाखवा. अख्ख्या वर्गानं एकच चूक केली, मीही केली. पुरवठा कमी झाला म्हणजे रेघ खाली, असं धरून आम्ही पुरवठ्याचा नवा वक्र जुन्याच्या खाली काढला. त्यानं मागणीच्या वक्राला खालीच छेदलं आणि किंमत उतरली.

“वा गं वा!” मॅडम कडाडल्या. “पीक बुडालं आणि टोमॅटो स्वस्त झाले! कुठल्या भाजीवाल्याकडं मिळतात सांगा, मी आत्ता पिशवी घेऊन जाते.”

सगळ्यांना हसवून झाल्यावर त्यांनी फळ्यावर खडू इतका दाबून रेघ ओढली की खडू मोडला. “वक्र वर-खाली ढकलायचा नाही. डावीकडं, उजवीकडं. प्रत्येक किमतीला पूर्वीपेक्षा कमी माल येतो, म्हणून पुरवठा डावीकडं. जास्त येतो, म्हणून उजवीकडं. वर-खाली काय जायचं ते किंमत आपोआप जाते, तुम्ही तिला ढकलायची गरज नाही.” तेव्हापासून ते माझ्या हातात पक्कं बसलं.

दुसरा प्रश्न खोल्यांच्या किरायाचा होता. कंपन्यांसाठी बाहेरून माणसं आली, मागणी वाढली, मागणीचा वक्र उजवीकडं, किराया वर. हा मला शिकवायची गरजच नव्हती, आमचा घरमालक तो दर वर्षी तोंडी सोडवायचा.

तिसऱ्या प्रश्नानं माझी झोप उडवली. शहरात बांधकामं वाढली म्हणून मजुरांची मागणी वाढली. त्याच वेळी दुष्काळामुळं खेड्यांतून माणसं आली, मजुरांचा पुरवठाही वाढला. मजुरीचं काय होईल? मॅडमनी समजावलं की दोन्ही वक्र उजवीकडं जातात, म्हणून कामावरच्या मजुरांची संख्या वाढणार हे नक्की. मजुरीचं मात्र नक्की सांगता येत नाही. मागणी जास्त सरकली तर वाढेल, पुरवठा जास्त सरकला तर पडेल, दोन्ही सारखे सरकले तर आहे तिथंच. तीन आकृत्या काढायच्या होत्या.

मी एकच काढली. मागणीचा वक्र असा लांब उजवीकडं नेला की तो जवळजवळ कागदाबाहेर गेला. पुरवठा बिचारा जरासाच हलवला. मजुरी झकास वर गेली. बाकीच्या दोन आकृत्यांची जागा मी कोरी ठेवली. मला काय त्या येत नव्हत्या? डोळे मिटून आल्या असत्या. पण हात धजेना. मॅडमनी लाल शाईनं लिहिलं, “तिन्ही शक्यता दाखव. तुला हवी ती एकच नाही.”

त्याच आठवड्यात मावशी आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिकडं वैजापूरच्या बाजूला खेड्यात शेतमजुरी करायची. त्या वर्षी तिकडं रानात ढेकळांशिवाय काही नव्हतं, मग मजुरी कुठली? एक गाठोडं आणि एक प्लॅस्टिकची घागर घेऊन ती दारात उभी राहिली. घागर कशाला आणली विचारलं तर म्हणाली, “आक्का, तिथं ठिवून काय करू? भरायला तर काय नाय.” आई तिला बघून इतकी आनंदली की लगेच साखर टाकून चहा ठेवला. मी मात्र कोपऱ्यात बसून मनातल्या मनात पुरवठ्याचा वक्र सरकवत होते. सख्खी मावशी, मला लहानपणी कडेवर घेऊन हिंडवलेली, आणि मला तिच्यात आकृतीतला S1, पुरवठ्याचा नवा वक्र, दिसत होता. मला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी बहिणी अड्ड्यावर जायला लागल्या. तशा कितीतरी बहिणी, जावा, नवरा-बायका रोज नव्यानं येत होत्या. जालन्याकडून, बीडकडून, गंगापूरकडून. आई सांगायची, आता फुटपाथवर उभं राहायला जागा नाय, अर्धी माणसं नाल्याच्या कठड्यावर बसत्यात. तरी थोडे दिवस काम मिळत राहिलं. मी म्हणायचे, बघा, दोन्ही वक्र उजवीकडं चाललेत, अजून काही बिघडलेलं नाही. देवाला हात जोडताना सुद्धा मी मागणीसाठी जोडायचे. लोक पाऊस मागत होते, मी इमारती मागत होते.

मग पाणीच संपलं. विहिरी आटल्या, बोअर कोरडे गेले, नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकेना. प्यायला टँकर लागत होते, तिथं सिमेंट कालवायला आणि स्लॅबवर मारायला पाणी कोण देणार? एकामागून एक साईट बंद पडली. अर्धवट खांबांच्या सळया नुसत्या उन्हात तापत राहिल्या. आई पहिल्यांदाच अड्ड्यावरून सकाळीच परत आली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. थेंबभर पाण्यात.

मॅडमनाही ते दिसत होतं. पुढची कृतिपत्रिका त्यांनी त्याच्यावरच काढली. पाण्याअभावी बांधकामं थांबली, मजुरांची मागणी घटली. खेड्यांतून मजूर येतच आहेत, पुरवठा वाढला. समतोल मजुरीवर परिणाम दाखवा.

मी पट्टी घेतली. मागणी डावीकडं. पुरवठा उजवीकडं. छेदनबिंदू खाली. मी मागणी थोडी सरकवून बघितली, जास्त सरकवून बघितली. पुरवठा कमी सरकवला, जास्त सरकवला. खोडरबरानं कागद फाटायला आला. बिंदू कधी डाव्या बाजूला पडायचा, कधी उजव्या, पण प्रत्येक वेळी जुन्या बिंदूच्या खालीच. तिसऱ्या प्रश्नात काम वाढणार हे नक्की होतं आणि मजुरीचं सांगता येत नव्हतं. आता मजुरी पडणार हे नक्की झालं होतं, आणि काम किती जणांना मिळेल याचं सांगता येत नव्हतं. माझी कोरी ठेवलेली जागा सुद्धा या प्रश्नात नव्हती. हवी ती आकृती काढायची सोयच नव्हती.

मला पैकीच्या पैकी मिळाले. मॅडमनी वही उंच धरून वर्गाला दाखवली. “ही बघा. अशी आकृती पाहिजे. बोर्डात असंच काढ गं, कुणी मार्क कापणार नाही.” मी मान हलवली. काय सांगणार होते, मॅडम, बोर्डात मी नसेन?

घरी आले तर आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, “ठेकेदारानं हजेरी पाडली गं.” तिचा आवाज इतका बारीक होता की मी रागावूही शकले नाही. “उद्यापासून येशील ना?” तिनं हुकूम दिला असता तर मी भांडले असते. तिनं विचारलं, म्हणून मी हो म्हणाले.

सकाळी आम्ही तिघी अड्ड्यावर उभ्या होतो. आईनं तिघींच्या भाकरी एकाच फडक्यात बांधून स्वतःच्या काखेत धरल्या होत्या. गर्दी अशी की ठेकेदाराचा टेम्पो दिसला की माणसं रस्त्यावरच धावायची. टेम्पो आमच्यासमोर थांबला. ठेकेदार उतरलाच नाही, खिडकीतूनच म्हणाला, “बाया दोनच पाहिजेत.” आणि त्यानं कालच्यापेक्षाही कमी हजेरी सांगितली.

आई म्हणाली, “येवढ्यात कसं भागंल, शेठ? थोडं तरी वाढवा.”

ती तर नेहमीच असं म्हणायची. घासाघीस करायची तिची ती रीत होती, मग तो थोडा वाढवायचा, मग ती चढायची. पण मागून पाच-सात जणी पुढं सरकल्या. मला त्यांचे वर झालेले हात दिसले. मी घाबरले. आई पुढचं बोलायच्या आत माझ्या तोंडातून निघून गेलं, “चालंल. मी येते.”

मावशी म्हणाली, “मी बी.”

“बसा,” ठेकेदार म्हणाला. झाल्या दोन.

मावशीनं मला वर ओढून घेतलं. मी वळून बघितलं तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. आई गर्दीत तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं, कुणी तरी चालता चालता तिच्या जागेवर येऊन बसल्यासारखं. टेम्पो हलला तशी ती एकदम धावली. मला वाटलं थांबवायला येतेय. तिनं फडकं वर केलं आणि ओरडली, “पोरी, भाकर! भाकर राहिली तुमची!”

टेम्पो थांबला नाही.