सरांच्या मार्फत जाणारा अर्ज

मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून मी केलेल्या अर्जाचा पहिला मसुदा तीन पानांचा होता. त्यात तारखा होत्या. पहिलं प्रकरण कधी दिलं, दुसरं कधी, आठवणीचे ईमेल कधी पाठवले, सरांच्या खोलीबाहेर कोणत्या दिवशी किती वेळ थांबले. वर्तमानपत्राच्या डेस्कवर सतरा वर्षं काढल्यावर एवढं हाताला येतंच. विशेषण एकही नव्हतं आणि त्याचं मला समाधान होतं.

नोकरी सोडून मी तारनाक्याजवळच्या विद्यापीठात इतिहासाच्या पीएचडीला नाव नोंदवलं, त्याला तेव्हा पाचवं वर्ष सुरू होतं. विषय होता गौलीगुड्याच्या बाजारातले मराठी व्यापारी. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, या शहराच्या बाजारपेठांचे जाणकार. महसुलाची इंग्रजी कागदपत्रं आणि तेलुगू दप्तरं त्यांना पाठ. पहिली दोन वर्षं छान गेली. नंतर मला दोन जुन्या घरांमधून पत्रांची गाठोडी मिळाली. मी त्यांवर प्रकरणं लिहून सरांना देऊ लागले आणि सर वाचेनासे झाले. दर सहा महिन्यांच्या अहवालावर 'प्रगती समाधानकारक' असं लिहून सही मात्र करत होते. नोंदणीची मुदत सहा वर्षांची. एकाही प्रकरणावर शब्द न मिळता पाचवं वर्ष निम्मं सरलं होतं. असंच चाललं तर प्रबंध होणार नाही, हे मला दिसत होतं.

विभागाच्या कार्यालयात संशोधनाच्या फायली पाहणारे एक वयस्कर अधीक्षक होते. असले अर्ज त्यांच्याच टेबलावरून जात. मी तीन पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पानं डोळ्यांजवळ धरून वाचली आणि टाचणी नीट लावून परत माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, आप पेपरमें थे ना?"

"हो."

"तो ये खबर है. अर्जी नै."

मी म्हटलं, यातली एकही गोष्ट खोटी नाही.

"झूट कौन बोला? लेकिन ये जाती किसके हात से, मालूम?" त्यांनी बोट ठेवलं. विभागप्रमुखांचं नाव असलेल्या ओळीखाली नमुन्यातच छापलेलं होतं: मार्गदर्शकांच्या मार्फत. "पहले तुम्हारे सर पढते. फिर हेडसाब. फिर कमिटी में सबके सामने पढी जाती, और सर वहीं बैठे रहते. अब बोलो, इसपे सर दस्तखत करते?"

अर्ज ज्यांच्याविरुद्ध, त्यांच्याच सहीने तो पुढे जाणार, हे मी नियमांत वाचलं होतं. वाचून विसरलेही होते, कारण मी मनात लिहीत होते ते कुणा तरी त्रयस्थ वाचकासाठी.

त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर मी दुसरा मसुदा खरडला. चार ओळी. अभ्यासाचा विषय बदलल्यामुळे मार्गदर्शक बदलून मिळावा, ही नम्र विनंती. कुणावर ठपका नाही. मला वाटलं, जमलं.

"नक्को मॅडम." ते हसले. "विषय बदला बोले तो कमिटी पूछती, नया विषय है तो नयी नोंदणी कराव. घडी फिर शून्य से. पाच साल पानी में."

"मग लिहू तरी काय?"

"वो मैं कैसा बोलूं? लिखनेवाले आप." मग म्हणाले, "विषय वहीच. सर अच्छे. तुम भी अच्छे. फिर भी बदलना है. ऐसा कुछ लिखके लाव. और नये मॅडम का कबूलनामा भी."

नव्या मॅडम म्हणजे अर्जात मी ज्यांचं नाव सुचवलं होतं त्या, त्याच विभागातल्या सहयोगी प्राध्यापिका; त्यांचं संमतिपत्र हवं होतं. जामबागेतल्या जुन्या मराठी घरातल्या. मोडी लिपी त्या वर्तमानपत्रासारखी वाचत, आणि माझी पत्रं मोडीतच होती. त्यांचा एक विद्यार्थी नुकताच प्रबंध सादर करून मोकळा झाला होता, म्हणजे त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती. त्याशिवाय काही होण्यासारखं नव्हतं, कारण प्रत्येक मार्गदर्शकाला ठरलेल्या संख्येहून जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत.

मी घरी बसून तिसरा मसुदा केला. अर्ज इंग्रजीत होता, त्यातलं मुख्य वाक्य मराठीत सांगायचं तर असं: 'विषय व शीर्षक कायम असून, हाती आलेली बहुतांश साधने मोडी लिपीत असल्यामुळे त्या लिपीच्या जाणकार मार्गदर्शकाची आवश्यकता भासत आहे.' बातमीत हे वाक्य मी कापलं असतं. कर्ता नाही, घटना नाही, कुणी काय केलं याचा पत्ता नाही. खरं कारण वेगळं आहे आणि हे दाखवायचं कारण आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मॅडमनी ते वाचलं. त्यांच्या मराठीत अधूनमधून शहर डोकावे.

"हौ, बरं लिहिलंय. सरांशी बोललात?"

"तुमची संमती मिळाली की जाते."

"उलटं करा. आधी ते, मग मी." त्यांनी मागच्या भिंतीवर टकटक केली. पलीकडे सरांची खोली होती. "आमच्यात एवढीच भिंत आहे हो. त्यांचा विद्यार्थी मी ओढून घेतला असं व्हायला नको. ते रिटायर होईस्तोवर मला रोज इथंच चहा प्यायचाय."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर मीही नाही म्हणेन. वाईट वाटून घेऊ नका."

सगळं एका सहीवर येऊन थांबलं. ती सही मिळाली नाही तर रीतसर तक्रार करण्याचा रस्ता होता, पण त्या रस्त्याने गेलेल्याला विभागात दुसरा मार्गदर्शक सहसा मिळत नाही, हे मला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी सरांच्या खोलीत गेले. सर उंच, सावकाश बोलणारे, निवृत्तीला चार वर्षं उरलेले. माझ्याशी ते इंग्रजीतच बोलत. कागद त्यांनी उभ्यानेच हातात घेतला, वाचता वाचता बसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. पंखा फिरत होता. मी पिशवीचा बंद धरून उभी होते. पिशवीत ती तीन पानंही होती.

"बसा," ते म्हणाले. "हे कुणी सुचवलं तुम्हाला? मोडीचं?"

"कुणी नाही, सर."

त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. माझी प्रकरणं तिथे होती, क्रमाने, एकावर एक. वरचं त्यांनी उघडलं. पहिल्या दहा पानांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक नोंदी होत्या, प्रश्न होते, एका ठिकाणी 'छान' होतं. अकराव्या पानापासून समास कोरा.

"इथून तुमची पत्रं सुरू होतात. खाली इंग्रजी भाषांतर दिलंय तुम्ही. चांगलं वाचलं जातं. पण ते बरोबर आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. दुसऱ्या प्रकरणातही तेच. तिसऱ्यात पहिल्या पानापासूनच." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्यावर विश्वास ठेवून सही करायची एवढंच माझ्या हातात राहिलं. विश्वास ठेवणं हे मार्गदर्शकाचं काम नाही. तपासणं आहे."

"मग सांगितलं का नाहीत, सर?"

"तुम्ही दर वेळी एकच विचारायचात, वाचलं का. नाही म्हणालो की निघून जायचात. का नाही वाचलं, असं एकदाही विचारलं नाहीत." चष्मा पुसत ते म्हणाले, "आणि मीही सांगितलं नाही. तीस वर्षं शिकवल्यावर विद्यार्थिनीला कसं सांगायचं की मला हे वाचता येत नाही? समाधानकारक असं लिहिणं सोपं होतं. ती चूक माझी."

सतरा वर्षांत दुसऱ्या बाजूची विचारणा केल्याशिवाय एकही तक्रारीची बातमी मी छापायला सोडली नव्हती. इथे तीन पानं लिहून झाली होती.

"याच्या आधीचा मसुदा मोठा असणार," सर म्हणाले.

"थोडा मोठा होता."

"पेपरवाल्या तुम्ही. तारखाही असतील."

"होत्या."

ते हसले. मोठ्याने नव्हे, पण मोकळे. मग पेन घेऊन त्यांनी अर्जाच्या वाक्यात एकच दुरुस्ती केली. 'आवश्यकता भासत आहे' यापुढे 'व सध्याच्या मार्गदर्शकांचेही हेच मत आहे' असं जोडलं. खाली सही, तारीख आणि 'हरकत नाही, शिफारस'. कागद परत देताना म्हणाले, "स्वच्छ टाइप करून आणा, पुन्हा सही करतो. आणि पलीकडे सांगा, मी चहाला येतोय."

मॅडमचं संमतिपत्र अर्ध्या तासात मिळालं. नोंदणीचा आदेश, शेवटचा प्रगती अहवाल आणि हे पत्र जोडून, सरांनी पुन्हा सही केलेला स्वच्छ अर्ज अधीक्षकांकडे दिला. त्यांनी तो उभ्याने वाचला, सरांच्या ओळीवर थांबले आणि आवक वहीत क्रमांक घातला.

"अब हुई अर्जी."

समितीची बैठक पुढच्या पंधरवड्यात होती. मला पाच मिनिटांसाठी आत बोलावलं. विभागप्रमुखांनी अर्ज वाचून दाखवला. बाहेरून आलेल्या एका सदस्यांनी विचारलं, मार्गदर्शक बदलण्यापेक्षा मॅडमना सहमार्गदर्शक का करू नये? सर म्हणाले, "म्हणजे मी नावापुरता. ते गेली दोन वर्षं होतोच की." कुणी तरी हसलं. मग विचारलं गेलं, शीर्षक बदलणार का. नाही, असं मी म्हटलं. मूळ नोंदणीची तारीख कायम ठेवून बदल मान्य करावा, अशी शिफारस लिहून घेतली गेली आणि मी बाहेर आले.

अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून आदेश यायला आणखी तीन आठवडे लागले. अधीक्षकांनी प्रत हातात दिली तेव्हा मी सगळ्यात आधी नोंदणीची तारीख पाहिली. जुनीच होती. तिथेच, त्यांच्या टेबलासमोरच्या लाकडी बाकावर, मी जरा वेळ बसून राहिले. त्यांनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

निघताना सरांच्या खोलीत डोकावले. सर नव्हते. माझी प्रकरणं त्यांनी एका फायलीत घालून दारापाशी ठेवली होती, वर माझं नाव. पहिल्या दहा पानांवरच्या नोंदी त्यांनी पेनाने गिरवल्या होत्या, पुसट होऊ नयेत म्हणून. अकराव्या पानावर समासात लिहिलं होतं: इथून पुढे मॅडमना विचारा.

तारनाक्याला बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. फाईल मांडीवर धरून मी बसले. डोळे कधी मिटले कळलं नाही. कोठीचा स्टॉप गेल्यावर कंडक्टरने उठवलं, तेव्हा बस जवळजवळ रिकामी झाली होती आणि मी माझ्या स्टॉपच्या दोन स्टॉप पुढे आले होते. परत चालत गेले.