स्वातंत्र्याला अजून पाचशे वर्षं

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. माझी फजिती मीच सांगतोय, मध्ये कुणी टोकायचं नाही.

मी सातवी पास. पुढे शाळा नाही, सरळ सौदी. मक्केत हॉटेलांची बांधकामं केली, मुकादम झालो. आता जेद्दात मुलाच्या घरी राहतो आणि नात सना हिच्या अभ्यासावर लक्ष ठेवतो. म्हणजे ओरडतो.

सनाला इतिहासात कमी मार्क मिळाले. मी म्हटलं, "सनावळ्या पाठ करायला काय अक्कल लागते?"

"मग तुम्ही बसून दाखवा ना, दादा! आपल्या इथल्या मराठी मंडळाची इतिहासाची परीक्षा आहे, मोठ्यांनाही चालते. चॅलेंज!"

"बसतो. पुढे?"

"नापास झालात तर माझ्या मार्कांवर कधीच ओरडायचं नाही."

आता सांगा, ओरडणं गेलं तर माझ्यासारख्या माणसाला घरात काम काय उरलं? महिनाभर घोकलं. सून चहा ठेवायला आली तरी तिला वंगभंगाचं साल ऐकवत होतो.

परीक्षेचा दिवस. शाळेचा हॉल, गार एसी, पुढच्या बाकावर सना. देखरेखीला इस्पितळातल्या डॉक्टर जोशीबाई. पेपरावर वर तारीख टाकायची होती. टाकली झोकात. प्रश्न वाचला: वंगभंग, रौलट कायदा, जालियनवाला बाग, असहकार, चौरीचौरा, सायमन कमिशन, मिठाचा सत्याग्रह, छोडो भारत. क्रम लावा, साल द्या, एकातून दुसरं कसं घडलं ते लिहा.

आणि डोकं कोरं! एक साल आठवेल तर शपथ! घोकलेली सगळी सालं एकमेकांत मिसळलेली. मीठ आधी की सायमन? घाम फुटला, त्या एसीत!

"चाचा, बरं वाटतंय ना?" जोशीबाईंनी कपाळाला हात लावला.

"मी ठणठणीत आहे. तुम्ही तिकडे बघा."

सना मागे वळून हसली. झालं, डोकं तापलं. म्हटलं, कामाला लाग. इमारत कशी उभी करतोस? आधी कोपरे पक्के. मग कशावर काय टेकलंय ते बघायचं.

कोपरे दोन. सत्तावनचं बंड आणि सत्तेचाळीसचं स्वातंत्र्य. ही कोण विसरेल? मधे दोन खांब, दोन महायुद्धं. पहिलं चौदा ते अठरा, दुसरं एकोणचाळीस ते पंचेचाळीस. आमचे आजोबा दुसऱ्यात बोटीवर होते, म्हणून ही पक्की. कच्च्या कागदावर रेघ मारली, चारही खुणा केल्या.

मग स्वतःलाच विचारत गेलो, हे का झालं? रौलट कायदा कशाला? युद्धात सरकारला विनाचौकशी डांबायची सवय लागली होती, युद्ध संपलं तरी ती सोडवेना. म्हणजे अठराच्या लगेच पुढे, एकोणीस. त्या कायद्यावर लोक पेटले, त्याच वैशाखीला बागेत गोळ्या. चौकशीत वर्ष गेलं, न्याय नाही. तिकडे तुर्कस्तान हरल्यानं खिलाफतीचा राग. दोन्ही मिळून असहकार, वीस. तो दीड वर्ष चालला, चौरीचौऱ्यात पोलीस चौकी जाळली आणि मागे घेतला. म्हणजे बावीस!

अरे, हे तर मजेदार आहे! मला पुढचं कळल्याशिवाय राहवेना.

सायमन? एकोणीसच्या सुधारणा दहा वर्षांनी तपासायच्या होत्या, सरकारनं दोन वर्षं आधीच कमिशन नेमलं. सत्तावीस. त्यात एक हिंदी माणूस नाही, म्हणून चिडून पुढे पूर्ण स्वराज्याची मागणी, आणि तिच्यामागून मीठ, तीस. छोडो भारत युद्धाच्या ऐन मध्यात, न विचारता आपल्याला लढाईत ओढलं म्हणून. बेचाळीस. वंगभंग राहिला. तो पहिल्या युद्धाआधीच रद्दही झाला होता, म्हणजे सगळ्यांच्या आधी. आणि सुनेला ऐकवलेलं साल आठवलं. पाच!

लिहीत सुटलो. घंटा झाली तरी पेन सोडेना. जोशीबाईंनी पेपर ओढून घेतला.

पुढच्या शुक्रवारी मंडळात निकाल. मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत. जोशीबाई उठल्या. "चाचांचा क्रम अचूक, कारणं तर फारच छान. पास!"

मी सनाकडे बघितलं. कसं बघितलं असेल, तुम्हीच ओळखा.

"फक्त एक विचारू का, चाचा? वर तारखेत साल १४४७ कसं?"

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं इकाम्यापासून, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यापासून, साइटच्या हजेरीपर्यंत हिजरी साल लिहिलं, तेच पडलं! आणि ते डोळ्यांसमोर ठेवून एकोणीसशेची सालं आठवत बसलो होतो. ती येणार कुठून?

"म्हणजे तुमच्या पेपराप्रमाणे स्वातंत्र्याला अजून पाचशे वर्षं आहेत." सगळा हॉल हसला.

सना उभी राहिली. "दादा, पास झालात, मान्य. ओरडायचं स्वातंत्र्य तुमचंच. पण तुमच्याच हिशोबानं ते पाचशे वर्षांनी मिळेल. तोवर चहा घ्या."

घेतला.