रेशनच्या रांगेत आप्पांचा एकतिसावा नंबर

आज सकाळी गावातल्या रेशन दुकानात अंगठ्याच्या मशीनला सर्व्हर मिळत नव्हता. ऊन लई. मी सांगितल्यावर सातवीतल्या गणेशने सगळ्यांच्या कार्डांवर पेन्सिलीने नंबर टाकले आणि माणसं सावलीत बसली.

सर्व्हर आला. बाराव्या नंबरच्या आजींचा अंगठा उमटेना.

"आजी, हात धुवून या. नंबर तुमचाच हाय," गणेश म्हणाला.

तेवढ्यात दुकानदार मशीन घेऊन मागच्या खोलीत गेला. मागच्या दारातून माझे आप्पा धान्याचं पोतं घेऊन निघाले. त्यांचा नंबर एकतीस.

"आप्पा, हे कावून? अजून तर बारावाच नंबर चाललाय."

"नंबर लावणाऱ्या शिकलेल्या पोरीचा बाप हाय म्हणलं. लगेच दिलं."

सर्व्हर पुन्हा गेला. आजी रिकामी पिशवी घेऊन परतल्या. गणेशने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि निघून गेला.

पोतं घरात आहे. तुम्ही त्यातलं खाल्लं असतं?